‘तिच्यापश्चात मुलांना’

माझ्याकडे येणाऱ्या कच्च्या मृत्युपत्रांमध्ये एक वाक्य हटकून असते : ‘माझा राहता फ्लॅट मी माझ्या पत्नीस मालकीहक्काने देत आहे, व तिच्यापश्चात तो माझ्या मुलांना मिळावा.’ लिहिणाऱ्याच्या मनात खोट नसते. बायकोच्या डोक्यावर छप्पर राहावे आणि शेवटी घर मुलांकडे जावे, एवढेच त्याला म्हणायचे असते. पण पत्नी दुसरी असेल आणि मुले पहिलीची असतील, तर याच वाक्यावरून पुढे दहा-पंधरा वर्षे कोर्टात भांडण चालू शकते. ‘मालकीहक्काने’ म्हटले की मालकी पूर्ण झाली. जे पूर्ण देऊन टाकले, त्याला मागून अट लावता येत नाही, असे कोर्टांनी अनेकदा सांगितले आहे. त्यामुळे वाक्याचा दुसरा भाग गळून पडतो आणि मुलांच्या हाती काहीच उरत नाही.

मागे एक गृहस्थ असाच कागद घेऊन आले होते. त्यांना आपण अण्णा म्हणू. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. वय एकोणसत्तर, पिंपरीच्या कारखान्यातून निवृत्त. पहिली पत्नी शिक्षिका होती, ती २००४ मध्ये वारली. तिच्यापासून एक मुलगा आणि एक मुलगी, दोघेही आता चाळिशीच्या आसपास. २००९ मध्ये अण्णांनी दुसरे लग्न केले. या बाई विधवा होत्या आणि त्यांना आधीच्या लग्नाची एक मुलगी होती. २०११ मध्ये दोघांना मुलगा झाला. मालमत्ता तीन ठिकाणी : पुण्यात कोथरूडचा फ्लॅट, वाई तालुक्यात वडिलोपार्जित तीन एकर जमीन आणि नोकरीच्या निमित्ताने बेळगावात राहत असताना १९९६ मध्ये घेतलेला एक प्लॉट. शिवाय बँकेतल्या ठेवी आणि म्युच्युअल फंड.

“ताई, सगळं माझंच आहे. कुणाला काय द्यायचं ते मी ठरवलंय, तुम्ही फक्त कायद्याच्या भाषेत लिहा,” अण्णा म्हणाले.

मी त्यांना फ्लॅटचे खरेदीखत आणि इंडेक्स टू आणायला सांगितले. मृत्युपत्राचे काम इथूनच सुरू होते. कुणाला द्यायचे हे नंतर ठरवता येते. आधी आपले नेमके किती, हे कागदावरून काढावे लागते. माणूस स्वतःच्या हिश्शापेक्षा जास्त देऊ शकत नाही, आणि दोन संसार असलेल्या घरात हा हिस्सा त्याला वाटतो त्यापेक्षा बहुतेकदा कमी निघतो.

फ्लॅट १९९२ चा. खरेदीखतावर नावे दोन : अण्णांचे आणि त्यांच्या पहिल्या पत्नीचे. कर्जाचे हप्ते दोघांच्याही पगारातून गेले होते. म्हणजे अर्धा फ्लॅट बाईंचा होता. त्या मृत्युपत्र न करता गेल्या. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे बाईच्या मिळकतीला पहिले वारस म्हणजे तिची मुले आणि नवरा, सगळे सारख्या वाट्याने. तिच्या अर्ध्याचे तीन भाग झाले आणि प्रत्येकाला फ्लॅटचा सहावा हिस्सा गेला. अण्णांचा स्वतःचा अर्धा आणि हा एक सहावा, असे मिळून दोन तृतीयांश. उरलेला एक तृतीयांश २००४ पासून मुलगा आणि मुलगी यांचाच आहे. सोसायटीच्या दप्तरात आज एकट्या अण्णांचे नाव आहे, पण त्याने मालकी बदलत नाही. वीस वर्षे अण्णा पूर्ण फ्लॅट आपला समजत होते.

वाईच्या जमिनीचा हिशेब याहून वेगळा निघाला. ती अण्णांच्या आजोबांपासून चालत आलेली, आणि भावाभावांत १९९८ मध्ये वाटणी होऊन अण्णांच्या वाट्याला तीन एकर आले. सातबाऱ्यावर फक्त अण्णांचे नाव. पण अशा सहदायकी जमिनीत मुलांचा हक्क जन्मापासून असतो, आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचाही तितकाच. दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात हवे होते का, यावर बरीच वर्षे गोंधळ होता. ११ ऑगस्ट २०२० रोजी सुप्रीम कोर्टाने विनीता शर्मा खटल्यात तो मिटवला : मुलीचा हक्क जन्माने आहे, वडील कधी वारले याच्याशी त्याचा संबंध नाही. तेव्हा या तीन एकरांत अण्णा, मोठा मुलगा, मुलगी आणि दुसऱ्या लग्नाचा धाकटा मुलगा असे चौघे आहेत. बाप आणि मुलगे यांच्यात वाटणी झाली तर आपल्याकडच्या परंपरेने पत्नीलाही मुलाइतका वाटा मिळतो. माणूस वारला की त्याचा हिस्सा काढण्यासाठी मृत्यूच्या क्षणाआधी वाटणी झाली असे कायदा मानतो, आणि त्या मानलेल्या वाटणीतही पत्नीचा वाटा खरोखरीचा धरायचा, असे सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्ये गुरुपाद मगदूम खटल्यात सांगितले. एकूण वाटे पाच. तीन एकर म्हणजे एकशे वीस गुंठे, त्यातले अण्णांचे चोवीस. मृत्युपत्राने त्यांना तेवढेच देता येतील. पत्नीच्या आधीच्या लग्नाच्या मुलीला या जमिनीत काहीच नाही, कारण ती या कुळात जन्मलेली नाही.

म्हणून मी वाईच्या कलमात ‘तीन एकर’ हे शब्द टाळले. तिथे लिहिले : ‘सदर गटातील माझा जो एकपंचमांश अथवा कायद्याने ठरेल तो अविभक्त हिस्सा.’ उद्या वाटणी वेगळी निघाली तरी हे कलम मोडत नाही. पूर्ण तीन एकर मोठ्या मुलाच्या नावे लिहिले असते, तर धाकट्याने आणि बहिणीने त्याला हरकत घेतली असती, आणि एका कलमातली चूक दाखवून सगळ्या मृत्युपत्राकडेच संशयाने बघा असे कोर्टाला सांगितले असते.

बेळगावच्या प्लॉटची गोष्ट सोपी होती. स्वकष्टार्जित, एकट्याच्या नावावर, पूर्ण अण्णांचा. कर्नाटकातल्या मिळकतीसाठी तिकडे वेगळे मृत्युपत्र करावे लागते का, असे अण्णांनी विचारले. नाही. भारतातल्या सगळ्या मिळकतींना एकच मृत्युपत्र पुरते, आणि ते पुण्यात नोंदले तरी बेळगावात चालते. फक्त प्लॉटचे वर्णन तिकडच्या उताऱ्यात आहे अगदी तसेच हवे : सर्व्हे नंबर, प्लॉट नंबर, चतुःसीमा. मराठी मृत्युपत्राचे प्रमाणित भाषांतर तिथल्या कचेरीत लागू शकते, म्हणून ते आताच करून ठेवायला सांगितले.

एवढा हिशेब झाल्यावर मी अण्णांना एक प्रश्न केला : मृत्युपत्र केलेच नाही तर काय होईल? त्यांचा फ्लॅटमधला दोन तृतीयांश चौघांत वाटला जाईल : पत्नी, मोठा मुलगा, मुलगी, धाकटा. प्रत्येकी सहावा हिस्सा. मोठ्या दोघांचा स्वतःचा सहावा आधीच आहे, त्यामुळे त्यांच्याकडे मिळून फ्लॅटचे दोन तृतीयांश जातील. पत्नी आणि शाळकरी मुलगा यांच्याकडे मिळून एक तृतीयांश. फ्लॅट तोडून वाटता येत नाही. मोठ्या दोघांनी वाटप मागितले की विक्री, आणि आपल्या वाट्याला येणाऱ्या पैशात या बाईला कोथरूडमध्ये दुसरे घर मिळणार नाही.

याच्या उलट, अण्णांच्या कच्च्या मसुद्याप्रमाणे त्यांचा हिस्सा पत्नीला ‘मालकीहक्काने’ दिला असता, तर तिच्यामागे तो तिच्या वारसांकडे गेला असता : तिची आधीची मुलगी आणि धाकटा मुलगा. सावत्र मुले तिची वारस नाहीत. तिची स्वतःची मुले असताना त्यांचा क्रमांकच येत नाही. पहिल्या पत्नीच्या पगारातून घेतलेल्या घराचा मोठा भाग अशा रीतीने तिच्या मुलांना सोडून दुसऱ्या घराण्यात गेला असता. अशा वेळी मोठ्या मुलांना येणारा राग मला अन्यायाचा वाटत नाही, आणि रस्त्यावर येण्याची त्या बाईची भीतीही खोटी नाही. मृत्युपत्राने या दोघांचेही समाधान करायचे असते.

यावर उपाय म्हणजे हयातीपुरता हक्क. पत्नीने तहहयात घरात राहावे, मालकी मात्र पहिल्या दिवसापासून मुलांची असावी. ऐकायला साधे आहे. पण हिंदू स्त्रीच्या बाबतीत इथे एक खोल खड्डा आहे आणि बरेच मसुदे त्यात पडतात. उत्तराधिकार कायद्याचे कलम १४ म्हणते की हिंदू स्त्रीच्या ताब्यातली मिळकत ही तिची पूर्ण मालकीची. त्याच कलमाचे दुसरे पोटकलम म्हणते की मृत्युपत्राने किंवा दस्ताने मर्यादित हक्कच दिला असेल तर तो मर्यादितच राहील. मग कोणते लागू? १९७७ मध्ये तुळसम्मा खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितले की तिच्या पोटगीच्या, म्हणजे आधीपासून असलेल्या हक्काच्या बदल्यात जर मिळकत दिली असेल, तर कागदावर ‘हयातीपुरती’ लिहिलेले असले तरी ती पूर्ण मालक होते. २००६ मध्ये साधू सिंग खटल्यात त्याच कोर्टाने दुसरी बाजू पुढे आणली : नवऱ्याने स्वतःची मिळकत मृत्युपत्राने पत्नीला हयातीपुरती दिली, तर ती हयातीपुरतीच. दोन्ही बाजूंचे निकाल इतके साठले की डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या एका खंडपीठाने हा प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला.

तोपर्यंत मसुदा करणाऱ्याने काय करायचे? पोटगी आणि राहण्याचा हक्क एकमेकांपासून स्पष्ट वेगळे करायचे. अण्णांच्या मृत्युपत्रात आम्ही पत्नीच्या उदरनिर्वाहासाठी ठेवींचा साठ टक्के भाग तिला पूर्ण मालकीने दिला, आणि तसे म्हणून लिहिले. फ्लॅटच्या कलमात स्वतंत्रपणे लिहिले की हा राहण्याचा हक्क मृत्युपत्रानेच नव्याने निर्माण होत आहे, तो तिच्या पोटगीच्या बदल्यात नाही, आणि फ्लॅटमधला माझा हिस्सा मालकीने मोठा मुलगा व मुलगी यांना सम प्रमाणात, या राहण्याच्या हक्काच्या अधीन राहून, देत आहे. ‘तिच्यापश्चात’ हा शब्दच काढून टाकला. मुले आजच मालक आहेत, फक्त ती असेपर्यंत त्यांना ताबा मिळणार नाही. वाक्याचा असा क्रम ठेवला म्हणजे आधी पूर्ण दिले आणि मग काढून घेतले, असा अर्थ निघू शकत नाही.

क्रमाला आणखी एका कारणाने महत्त्व आहे. मृत्युपत्रातली दोन कलमे एकमेकांच्या विरुद्ध गेली आणि काहीही करून त्यांचा मेळ बसेना, तर भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ प्रमाणे शेवटचे कलम धरायचे. म्हणून कुठेतरी खाली घाईने भर घातलेले एक वाक्य वरची चार पाने खोडू शकते. टाइप झाल्यावर शेवटी हाताने काही वाढवू नका, असे मी प्रत्येकाला सांगते.

आता त्या राहण्याच्या हक्काची खरी परीक्षा. कोथरूडच्या त्या इमारतीचा पुनर्विकास पुढच्या काही वर्षांत होणार हे अण्णांना ठाऊक होते. विकसकाच्या करारावर सही कुणाची? बांधकाम चालू असताना मिळणारे भाडे कुणाचे? कॉर्पस रक्कम कुणाची? वाढीव क्षेत्र मिळाले तर ते कुणाचे? हे न लिहिलेल्या मृत्युपत्रांवर मी आज भांडते आहे. आम्ही लिहिले : सही मालक म्हणून मुलांची, पण पत्नीच्या लेखी संमतीशिवाय नाही, संमती तीस दिवसांत द्यायची, घरभाडे पूर्ण पत्नीचे, कारण बाहेर राहायला तिलाच जायचे आहे, कॉर्पस मुलांची, नव्या घरातही राहण्याचा हक्क तसाच. सोसायटीचे मासिक शुल्क आणि वीजबिल पत्नीने भरायचे, मालमत्ता कर आणि मोठी दुरुस्ती मुलांनी. तिला फ्लॅट भाड्याने देता येईल का? अण्णा नाही म्हणाले. मी विचारले, उद्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले आणि वृद्धाश्रमात जायची वेळ आली तर ती खर्च कशातून करील? मग लिहिले, प्रकृतीच्या कारणाने बाहेर राहावे लागले तर भाड्याने देऊन ते भाडे तिने वापरावे. तिने पुन्हा लग्न केले तर हक्क संपेल असे एक कलम अण्णांना हवे होते. ते मी ठेवले, पण माझे मत त्यांना सांगितले : साठीतल्या बाईच्या डोक्यावरचे छप्पर अशा अटीवर टांगू नये. दुसऱ्या दिवशी फोन करून त्यांनी ते काढायला सांगितले.

मुलांच्या आधीपासूनच्या एक तृतीयांशाचे काय? तो हिस्सा अण्णांचा नाही, त्यावर ते पत्नीला राहण्याचा हक्कही देऊ शकत नाहीत. मोठा मुलगा उद्या म्हणेल, तुम्ही बाबांच्या दोन तृतीयांशात राहा, माझा सहावा मला विकून द्या. मृत्युपत्राने हे सुटत नाही. ते हयातीतच, समोरासमोर बसून सोडवावे लागते. अण्णांनी दोन्ही मुलांना घरी बोलावले आणि फ्लॅट शेवटी पूर्ण तुमचाच होणार, हे मृत्युपत्र त्यांना वाचून दाखवले. त्या बदल्यात दोघांनी नोंदणीकृत करार करून आपल्या हिश्शापुरताही सावत्र आईचा तहहयात राहण्याचा हक्क मान्य केला. मुलगी रडली आणि म्हणाली, “आईच्या नावाचा उल्लेख कागदात असू द्या.” तो आहे. दुसऱ्याच परिच्छेदात, फ्लॅट कोणाच्या पैशातून झाला ते लिहिले आहे.

बेळगावचा प्लॉट धाकट्याला. वाईचा हिस्सा शेती बघणाऱ्या मोठ्या मुलाला. ठेवींतला पंधरा टक्के भाग पत्नीच्या मुलीला, पंचवीस टक्के धाकट्याच्या शिक्षणाला. इथे दोन गोष्टी सांगते. सावत्र मुलगी वारस नाही, आणि मृत्युपत्रात नुसते ‘माझी मुले’ म्हटले तर ती त्यात आहे की नाही यावरच वाद होतो. म्हणून प्रत्येकाचे पूर्ण नाव, जन्मतारीख आणि नाते लिहायचे. दुसरे, ठेवींच्या बाबतीत पावतीचा क्रमांक लिहू नये. ‘अमुक क्रमांकाची ठेव मुलीला’ लिहिले आणि ती मुदत संपून दुसऱ्या क्रमांकाने पुन्हा ठेवली, तर मृत्यूच्या दिवशी ती ठेव अस्तित्वातच नसते आणि मुलीला काही मिळत नाही, असा वाद उभा राहतो. टक्केवारी बँक बदलली तरी टिकते.

ठेवींवर नॉमिनी कोण, हे विचारल्यावर अण्णा गप्प झाले. २००३ च्या अर्जावर पहिली पत्नी, फंडांवर मोठा मुलगा. नॉमिनीला पैसे मिळतात म्हणजे ते त्याचेच होतात, हा समज फार पक्का आहे आणि तो चुकीचा आहे. ‘कालनिर्णय’कार जयंतराव साळगावकर यांच्या मृत्युपत्राच्या निमित्ताने हाच प्रश्न सुप्रीम कोर्टात गेला होता, आणि १४ डिसेंबर २०२३ च्या निकालात कोर्टाने सांगितले की शेअर आणि फंडांवरचे नामनिर्देशन हा वारशाचा तिसरा मार्ग नाही, नॉमिनी रक्कम घेतो, पण ती मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसा कायद्याप्रमाणे ज्याची त्याला जाते. सोसायटीतही नॉमिनी तात्पुरता सभासद होतो, मालक नव्हे. तरीही नॉमिनी आणि मृत्युपत्र यांत वेगळी नावे असली की ज्याच्या खात्यात पैसे आले त्याच्याकडून ते काढायला दावा करावा लागतो. अण्णांनी महिनाभरात सगळे अर्ज बदलले.

आणि एक जुनी वही निघाली : १९९९ मध्ये केलेले, नोंदलेले मृत्युपत्र. ‘सर्व पत्नीला, ती नसल्यास दोन मुलांना.’ दुसऱ्या लग्नाने ते आपोआप रद्द झाले असे अण्णांना वाटत होते. ख्रिश्चन किंवा पारशी व्यक्तीचे मृत्युपत्र लग्नाने रद्द होते, हिंदूंचे होत नाही. नवे केले नसते तर त्या जुन्याने धाकटा आणि दुसरी पत्नी पूर्ण बाहेर गेली असती. नव्यात त्याची तारीख आणि नोंदणी क्रमांक लिहून ते रद्द केले.

परदेशात घर असणाऱ्यांसाठी याच वाक्यात धोका आहे. स्थावर मिळकत ज्या देशात, तिथला कायदा तिला लागतो, म्हणून बहुतेक वेळा तिथले वेगळे मृत्युपत्र करणे सोयीचे असते. मग तिकडचा वकील नेहमीच्या मजकुराने लिहितो, ‘यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द’, आणि पुण्यातले मृत्युपत्र नकळत मरते. दोन्ही कागदांत ‘फक्त या देशातील मिळकतीपुरते’ हे शब्द हवेत. गोव्याच्या मूळ रहिवाशांचा कायदा आणखी वेगळा आहे. तिथे पती-पत्नींची मिळकत बहुधा सामाईक असते, आणि वारसांचा अर्धा भाग राखीव असल्याने उरलेल्या अर्ध्यापुरतेच मृत्युपत्र करता येते. सप्टेंबर २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितले की गोवेकराच्या गोव्याबाहेरच्या मिळकतीलाही हाच नियम लागू. मुंबईत फ्लॅट असलेल्या पणजीकराने हे लक्षात ठेवावे. मुस्लिम व्यक्तीला एक तृतीयांशाच्या पुढे वारसांच्या संमतीशिवाय देता येत नाही.

जिथे पहिली पत्नी हयात आहे आणि घटस्फोट झालेला नाही, तिथला दुसरा संसार कायद्याच्या दृष्टीने लग्न नाही. त्या बाईला वारसा हक्काने काहीच मिळत नाही. तिला मिळेल ते फक्त मृत्युपत्राने. मुलांना मात्र बापाच्या मिळकतीत हक्क आहे, आणि १ सप्टेंबर २०२३ च्या रेवणसिद्दप्पा निकालाने सहदायकी मिळकतीतला बापाचा जो हिस्सा निघेल त्यातही आहे. अशा मृत्युपत्रात त्या बाईचे पूर्ण नाव, वय, पत्ता लिहून थेट तिला द्यावे. ‘माझी पत्नी’ एवढेच लिहिले तर पत्नी कोण यावरच पहिली तारीख पडते.

सह्यांच्या दिवशी अण्णांची पत्नी त्यांना गाडीत घालून माझ्याकडे आणणार होती. मी नको म्हटले. ज्याला मोठा लाभ आहे तो सही करताना हजर असेल, तर कोर्ट त्याला संशयास्पद परिस्थिती म्हणते, आणि तो संशय दूर करण्याचे ओझे मृत्युपत्र पुढे आणणाऱ्यावर पडते. १९५८ च्या व्यंकटाचल अय्यंगार निकालापासून हे चालत आले आहे. अण्णा रिक्षाने एकटे आले. साक्षीदार दोन : त्यांचे नेहमीचे डॉक्टर आणि शेजारचे पंचेचाळिशीतले प्राध्यापक, दोघेही अण्णांच्या मागे बराच काळ असतील असे, आणि दोघांनाही काहीच मिळणार नाही असे. डॉक्टरांनी त्याच दिवशी अण्णा समजून-उमजून सही करत असल्याचा दाखला दिला. अण्णांनी प्रत्येक पानावर सही केली, ती दोघांनी पाहिली, आणि मग दोघांनी अण्णांसमोर आपल्या सह्या केल्या. नोटरीचा शिक्का या दोन साक्षीदारांची जागा घेत नाही. मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही आणि नोंदणी सक्तीची नाही, पण दोन घराणी असतील तिथे दुय्यम निबंधकासमोर जावेच. अंमलबजावणीसाठी अण्णांनी कोणत्याही मुलाला नेमले नाही. निवृत्त बँक अधिकारी असलेल्या मित्राला नेमले, आणि तो नसल्यास त्यांच्या भाच्याला.

मुंबईतल्या मिळकतीसाठी प्रोबेटची सक्ती होती, ती संसदेने २०२५ च्या अखेरीस काढली. तरीही वाद होणार अशी चिन्हे असतील तर प्रोबेट घ्यावे, कारण ते मिळाले की मृत्युपत्र खरे की खोटे हा प्रश्न सगळ्यांसाठी संपतो.

अण्णांचे मृत्युपत्र नऊ पानांचे झाले. त्यातली साडेतीन पाने फ्लॅटवर आहेत. तुमच्या घरात दोन संसारांची माणसे असतील तर या आठवड्यात एकच काम करा : राहत्या घराचा इंडेक्स टू काढा आणि त्यावर कुणाकुणाची नावे आहेत ती वाचा.